नऊ ग्रॅम मीठ, चोवीस लिटर पाणी

प्रश्न: सर, मी फोंड्याची. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तकात लिहिलंय की एक लिटर पाणी प्यायलं तर त्यातलं जेमतेम ८० मिली रक्तात राहतं आणि एक लिटर सलाइन दिलं तर पाव लिटर. पाणी दोन्हीकडे सारखंच, मग हा फरक कसा? आणि वॉर्डात रक्तातलं सोडियम १४० च्या ऐवजी १२० आलेल्या एका बाईला मोठी बाटली न लावता १०० मिलीची छोटी बाटली लावली. तिच्या अंगात पाणी जास्त झालं होतं की कमी, तेच मला कळेना.

उत्तर:

तुमच्या घरी चैत्रात चेपणीची तोरं घालत असतील. तोरं म्हणजे कोवळ्या कैऱ्या. त्या धुऊन कोरड्या करतात, बरणीत त्यांचा एक थर आणि जाड्या मिठाचा एक थर असं भरत जातात आणि वर दगड ठेवून चेपतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. तरी दोन-तीन दिवसांनी झाकण काढलं की तोरं खाऱ्या पाण्यात बुडालेली दिसतात आणि त्यांच्या सालीला सुरकुत्या पडलेल्या असतात. ते पाणी तोरांच्या आतलंच. मीठ बाहेर बसून राहिलं आणि पाणी त्याच्याकडे गेलं. तुम्ही विचारलेलं सगळं या बरणीत आहे. फरक एवढाच, की तोराची पेशी मरते आणि मग मीठ हळूहळू आत मुरतं. आपली पेशी जिवंत असते. आत झिरपलेलं सोडियम ती सतत बाहेर फेकत असते, एका फेरीला तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. त्यासाठी तिची बरीच ऊर्जा खर्च होते. म्हणून आपण खाल्लेलं किंवा शिरेतून दिलेलं मीठ पेशीच्या बाहेरच राहतं असं धरून चालायचं. पाण्याला मात्र पेशीच्या भिंतीत खास वाटा आहेत. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात आणि त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्र यांना २००३ साली नोबेल मिळालं.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. वय पन्नाशीचं, वजन ४८ किलो. बाईच्या वजनाचा साधारण निम्मा भाग पाणी असतो, म्हणजे हिच्या अंगात २४ लिटर. (पुरुषात ६० टक्क्यांच्या आसपास, म्हातारपणी दोघांतही कमी.) त्यातले दोन भाग पेशींच्या आत, एक भाग बाहेर. म्हणजे आत १६ लिटर आणि बाहेर ८. बाहेरच्या आठातले सहा लिटर पेशींच्या फटींमधून पसरलेले असतात आणि रक्ताच्या नळ्यांत प्लाझ्मा म्हणून उरतात फक्त दोन. हे आकडे गोळाबेरीज आहेत, कुणाच्याही अंगात ते इतके नेमके नसतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी मुद्दाम असं वजन घेतलंय.

ऑस्मोलॅलिटी म्हणजे एक किलो पाण्यात विरघळलेल्या कणांची मोजदाद. कण मोठा की लहान याला इथे किंमत नाही, डोकी मोजायची. मिठाचा एक कण विरघळला की सोडियम आणि क्लोराइड अशी दोन डोकी होतात. रिपोर्टवरून अंदाज काढायचा तर सोडियमची दुप्पट घ्या, त्यात साखरेला १८ ने आणि युरियाला ६ ने भागून आलेले आकडे मिळवा. सोडियम १४०, साखर ९०, युरिया २४ असेल तर २८० अधिक ५ अधिक ४, म्हणजे २८९. इथे एक खबरदारी घ्या. इंग्रजी पुस्तकात २.८ ने भागायला सांगितलेलं असतं, पण ते युरियातल्या नायट्रोजनसाठी. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब पूर्ण युरिया छापतात, म्हणून ६. शिवाय युरिया पेशीत आत-बाहेर सहज फिरतो, त्यामुळे तो पाणी ओढत नाही. पाणी हलवण्याचं काम मुख्यतः सोडियम करतं. म्हणून पुढच्या हिशेबात मी फक्त सोडियमची दुप्पट, म्हणजे २८०, धरतो.

सगळा हिशेब दोन वाक्यांवर उभा आहे. पेशीच्या आत आणि बाहेर ऑस्मोलॅलिटी नेहमी सारखी राहते, कारण फरक पडला की काही मिनिटांत पाणी सरकून तो मिटवतं. आणि मीठ बाहेर राहतं, आतले कण आत राहतात. पहिल्या वाक्याबद्दल विद्यार्थ्यांना शंका येते. थोडाफार फरक का टिकू नये? तर एका मिलीऑस्मोलच्या फरकाने पाण्यावर येणारा दाब सुमारे १९ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. चाळीसाचा फरक राहिला असता तर तो दाब साऱ्या वातावरणाच्या दाबाएवढा झाला असता. पेशीचं नाजूक आवरण तो सोसूच शकत नाही, त्यामुळे पाणी सरकतंच.

हे कागदावर मांडायची युक्ती डॅरो आणि यॅनेट यांनी १९३५ मध्ये दाखवली आणि मी आजही तीच वापरतो. शेजारी शेजारी दोन आयत काढायचे. रुंदी म्हणजे लिटर, उंची म्हणजे ऑस्मोलॅलिटी. आतल्या पाण्याचा आयत १६ रुंद, बाहेरचा ८ रुंद, दोन्ही २८० उंच. आयताचं क्षेत्रफळ म्हणजे त्यातले एकूण कण. आत ४४८०, बाहेर २२४०, मिळून ६७२०. काहीही दिलं तरी नवी उंची दोन्हीकडे एकच आणि आतलं क्षेत्रफळ ४४८० च. एवढं धरून ठेवलं की बाकीचं भागाकाराने येतं.

आता नऊ ग्रॅम मीठ घ्या. सपाट दीड चहाचे चमचे होतील. एक लिटर नॉर्मल सलाइनमध्ये नेमकं एवढंच मीठ असतं, म्हणजे १५४ मिलीमोल सोडियम आणि तितकंच क्लोराइड, मिळून ३०८ कण.

आधी हे मीठ आपल्या बाईला नुसतं खाऊ घालू, पाणी न देता. एकूण कण ७०२८ झाले, पाणी २४ लिटरच. भागलं की नवी उंची २९३ च्या जवळ. आतले ४४८० कण आता १५.३ लिटरांत मावतात. म्हणजे पेशींतून ७०० मिली पाणी बाहेर आलं. अंगात एक थेंबही आला नाही, तरी बाहेरचं पाणी ८ चं ८.७ लिटर झालं आणि पेशी आक्रसल्या. बरणीतली तोरं, दुसरं काही नाही. सोडियम १४० वरून १४६ वर जातं आणि मेंदूतल्या पेशी आक्रसल्या की जिवाची तहान तहान होते.

आता मीठ नको, नुसतं एक लिटर पाणी. कण ६७२० च, पाणी २५ लिटर, उंची २६९. आतले कण आता १६.६७ लिटर जागा घेतात. दोन तृतीयांश लिटर पेशींत शिरलं, बाहेर एक तृतीयांश राहिलं आणि त्यातलाही चौथा हिस्सा प्लाझ्मात. तेच तुमच्या पुस्तकातले ८० मिली.

आता दोन्ही एकत्र करा. मीठ पेशींतून ७०० मिली ओढतं, पाणी पेशींत जवळपास ६७० मिली ढकलतं. दोघांची बेरीज शून्याच्या आसपास येते. सलाइन दिल्यावर पेशींच्या आत काहीच हलत नाही याचं कारण हेच, दोन विरुद्ध ओढी एकमेकींना तोलून धरतात. सगळंच्या सगळं लिटर बाहेर राहतं. तिथून पुढची भिंत म्हणजे केशवाहिन्यांची. तिच्यातून मीठ आणि पाणी दोन्ही सहज जातात, अडतात ती फक्त प्रथिनं. त्यामुळे ते लिटर बाहेरच्या आठही लिटरांत पसरतं आणि चौथा हिस्सा, म्हणजे पाव लिटर, रक्तात उरतो. रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णाला पाणी पाजून का भागत नाही आणि सलाइनही भरपूर का लागतं, दोन्ही इथे कळतं.

पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली या हिशेबात फसवते. बाटलीत ती २७८ मिलीऑस्मोलची असते, रक्ताच्या जवळची. पण साखर पेशी वापरून टाकतात आणि मागे उरतं ते पाणी. म्हणून ‘डी फाइव्ह’ लावणं म्हणजे अंगाच्या दृष्टीने पाणी पाजणं. डीएनएस म्हणजे साखर घातलेलं सलाइन, त्यातली साखर संपली की उरतं ते नॉर्मल सलाइन.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा हिशेब मूत्रपिंडांनी हात घालण्याआधीचा आहे. निरोगी माणूस एक लिटर पाणी प्यायला तर मेंदूतून येणारं आणि मूत्रपिंडांना पाणी राखायला लावणारं एडीएच हे संप्रेरक खाली येतं आणि दोन-चार तासांत ते पाणी पातळ लघवीतून बाहेर जातं. सलाइनचं मीठ काढायला मूत्रपिंडांना त्याहून पुष्कळ वेळ लागतो. गडबड होते ती एडीएच खाली यायला हवं तेव्हा येत नाही अशा वेळी. तुमच्या वॉर्डातल्या बाईची गोष्ट तिथेच असणार. तिचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून माझ्याकडच्या एका रुग्णाची सांगतो.

मे महिना होता. डिचोली भागातल्या बावन्न वर्षांच्या बाई. रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवीची एक गोळी, थायझाइड गटातली. तीन दिवस जुलाब होत होते. सकाळी ओपीडीत आल्या तेव्हा डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाल्या. वजन घेतलं तर ५० किलो. दुपारी फिटचा झटका आला. रक्तातलं सोडियम १२०. यजमान मला पुन्हा पुन्हा सांगत होते, “डॉक्टर, तिला पाणी कमी पडू दिलं नाही हो आम्ही. दर तासाला तांब्याभर दिलंय. शहाळी दिली, पेजेवरचं पाणी दिलं.” पेजेत मीठ घालत होता का, असं विचारल्यावर ते म्हणाले, बीपी आहे म्हणून गेली दोन वर्षं घरात तिच्या पेजेला मीठच नाही.

माझी नजर गेली ती बाईंच्या जुन्या बीपी कार्डावर. तिथे महिन्याभरापूर्वीचं वजन ४८ होतं. तीन दिवस जुलाब झालेल्या बाईचं वजन दोन किलोंनी वाढलं होतं. आणि तरीही नाडी ११० होती, उठवून बसवलं की रक्तदाब खाली येत होता, काखा कोरड्या होत्या. तुम्हाला पडलेलं कोडं हेच, जास्त की कमी.

आता आयत काढा. जुलाब आणि गोळी मिळून तीन दिवसांत दोन लिटर पाणी आणि २४० मिलीमोल सोडियम गेलं असं धरू. म्हणजे १४ ग्रॅम मीठ. आत गेलं आणि अंगात राहिलं ते चार लिटर जवळपास बिनमिठाचं पाणी, कारण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम थोडंच असतं आणि पेजेत तर मीठच नव्हतं. बाहेरचे कण २२४० मधून ४८० वजा होऊन १७६० उरले. आतले ४४८० तसेच. पाणी २४ चं २६ लिटर झालं. एकूण ६२४० कण २६ लिटरांत, म्हणजे उंची २४०, सोडियम १२०. रिपोर्टशी जुळलं. आता रुंदी बघा. आतल्या ४४८० कणांना २४० ने भागलं की १८.६७ लिटर. बाहेरच्या १७६० ना भागलं की ७.३३.

पेशींत पावणेतीन लिटर पाणी जास्त आणि पेशींबाहेर पाऊण लिटरच्या आसपास कमी, दोन्ही एकाच बाईत, एकाच वेळी. नाडी आणि रक्तदाब सांगत होते ते बाहेरच्या पाण्याबद्दल. डोकेदुखी, मळमळ आणि झटका सांगत होते ते मेंदूच्या पेशींत शिरलेल्या पाण्याबद्दल. वजनाचा काटा दोन्हींची बेरीज दाखवत होता. बाहेरचं पाणी कमी झालं म्हणून शरीराने एडीएच चढंच ठेवलं, सोडियम उतरत असतानाही. रक्ताभिसरण सांभाळायचं की ऑस्मोलॅलिटी असा पेच आला की शरीर रक्ताभिसरण निवडतं. त्यामुळे यजमान पाजत असलेलं पाणी लघवीतून बाहेर पडत नव्हतं. ती गोळीही लघवी पातळ करण्याच्या मूत्रपिंडाच्या कामात अडथळा आणते. (शहाळ्यातल्या आणि जुलाबांतल्या पोटॅशियमचा हिशेब मी इथे सोडून दिलाय. तो धरला तर आकडे थोडे हलतात, दिशा तीच राहते.)

आता त्या छोट्या बाटलीकडे येऊ. ती तीन टक्क्यांच्या सलाइनची असते, १०० मिलीत तीन ग्रॅम मीठ. आम्ही या बाईंना एक बाटली दहा मिनिटांत दिली, मग दुसरी, मग तिसरी. तीन बाटल्या म्हणजे ३०० मिली पाणी आणि नऊ ग्रॅम मीठ. तेच मघाचे नऊ ग्रॅम. एकूण कण ६५४८, पाणी २६.३ लिटर, उंची २४९, सोडियम १२४.५ च्या आसपास. पेशींच्या आतलं पाणी १८.६७ वरून १८ लिटरवर आलं. जवळपास ७०० मिली पेशींतून निघालं. कवटीत बंद मेंदूला एवढा उतार पुष्कळ असतो. दुसऱ्या बाटलीनंतर त्यांनी डोळे उघडले, तिसरीनंतर नवऱ्याला नावाने हाक मारली.

तेच नऊ ग्रॅम मीठ मोठ्या बाटलीतून, एक लिटर पाण्यासकट दिलं असतं तर काय झालं असतं? कण तेवढेच, पण पाणी २७ लिटर. उंची २४२.५, सोडियम १२१. पेशींतून निघालं असतं फक्त २०० मिली. रक्तदाबाला ती बाटली उपयोगी पडली असती, पण झटका येत असलेल्या मेंदूला तिची मदत अपुरी. मीठ किती दिलं याइतकंच ते किती पाण्याबरोबर दिलं याला महत्त्व आहे. पहिल्या काही तासांत सोडियम चार ते सहाने वर आलं की बहुतेक वेळा झटके थांबतात. तेवढं झालं की घाई संपते.

यापुढचा भाग मी तुम्हाला जास्त काळजीने सांगतो, कारण तिथे लक्ष ठेवायचं काम तुमच्या हातात असतं.

पहिले तीन-चार तास ठीक गेले की सगळे निर्धास्त होतात. पण बाहेरचं पाणी भरून आलं, नाडी उतरली की एडीएच चढं ठेवायचं कारण उरत नाही. ते एकदम खाली येतं आणि मूत्रपिंडं अडलेलं पाणी सोडून देतात. लघवी पाण्यासारखी फिकी होते आणि पिशवी भराभर भरते. आपल्या बाईंनी रात्रीत दोन लिटर असं निव्वळ पाणी टाकलं तर हिशेब बघा. कण ६५४८, पाणी २४.३ लिटर, उंची २६९.५, सोडियम १३५ च्या जवळ. एका रात्रीत १२० वरून १३५. दिवसाला आठापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलेलं असतं. इथे ते पंधराने चढलं, आणि त्यातलं दहा तर तीन बाटल्यांनंतर बाहेरून आणखी काहीच न देता.

त्याचं काय बिघडतं? सोडियम हळूहळू उतरत असताना मेंदूच्या पेशी गप्प बसत नाहीत. फुगून कवटीला दाबू नये म्हणून त्या आपल्यातले कण, पोटॅशियम आणि टॉरिन, ग्लुटामेटसारखी छोटी द्रव्यं, बाहेर टाकतात. ४८ तासांत हे काम पुष्कळ होतं. म्हणूनच चार आठवड्यांत १२० वर आलेली आजी चालत ओपीडीत येते आणि चार तासांत १२० वर आलेला तरुण झटके देतो. पण टाकलेले कण परत भरायला वेळ लागतो. त्याआधीच बाहेरचं सोडियम भरकन चढलं तर त्या पेशी, आधीच कणांनी रित्या, आक्रसतात आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण उखडतं. लगेच काही दिसत नाही, तेच फसवं असतं. रुग्ण छान बोलत असतो. दोन ते सहा दिवसांनी जीभ जड होते, गिळताना ठसका लागतो, हातपाय लुळे पडतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयात मी हे होताना पाहिलंय. दारू बरीच पिणारा, नीट न जेवणारा माणूस होता. अशांना आणि पोटॅशियम कमी असलेल्यांना हा धोका जास्त असतो. रात्रीच्या नोंदीत लघवी तीन लिटर लिहिली होती. सकाळी आम्ही ती वाचली आणि ‘लघवी छान होतेय’ म्हणून पुढे गेलो. सोडियम दुपारी तपासलं. पाचव्या दिवशी त्याला स्वतःचं नाव नीट उच्चारता येईना. तो तीन लिटरचा आकडा मला आजही आठवतो.

म्हणून अशा रुग्णाची लघवी तासातासाला मोजून लिहा आणि रंगही लिहा. तासाला १०० मिलीच्या वर आणि फिकी जायला लागली की सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, त्याच वेळी डॉक्टरांना उठवा आणि सोडियमचा नमुना पाठवा. पहिल्या दिवशी नमुना दर चार-सहा तासांनी जायला हवा. आणि तो ज्या हातात बाटली चालू आहे त्या हातातून घेऊ नका. सलाइन चालू असलेल्या शिरेच्या वरून घेतलेल्या नमुन्यात त्या बाटलीचंच सोडियम येतं आणि त्या आकड्यावर पुढचे निर्णय होतात. सोडियम फार वेगाने चढत असेल तर जातंय तेवढं पाणी डेक्स्ट्रोजच्या रूपाने परत देता येतं किंवा डेस्मोप्रेसिन देऊन लघवी आवळता येते. आमच्या बाईंना रात्री दीडला डेस्मोप्रेसिन द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडियम १२७ होतं, चौथ्या दिवशी १३५ आणि वजन परत ४८. गोळी कायमची बदलली.

पोटॅशियमबद्दलही लक्षात ठेवा. तेही कणच आहे. ते पेशीत शिरतं तेव्हा पेशीतून सोडियम बाहेर येतं, त्यामुळे सलाइनच्या बाटलीत मिसळलेलं पोटॅशियम क्लोराइड रक्तातलं सोडियमही वाढवतं. हिशेबात ते न धरता बाटल्या चालू राहिल्या की सोडियम ठरवल्यापेक्षा पुढे जातं.

याच्या अगदी उलटही तुम्हाला दिसेल. काही रुग्णांत बाहेरचं पाणी कमी नसतानाही एडीएच चढलेलं राहतं, फुप्फुसाच्या आजारात, मेंदूच्या आजारात, काही औषधांनी. त्यांची लघवी दाट असते आणि ती तशीच दाट राहते. समजा ती ६१६ मिलीऑस्मोलची आहे. एक लिटर नॉर्मल सलाइन दिलं, त्यातले ३०८ कण मूत्रपिंडांनी अर्ध्या लिटर लघवीत बाहेर टाकले. मीठ गेलं, अर्धा लिटर निव्वळ पाणी आत राहिलं. सलाइन देऊनही सोडियम उतरतं. म्हणून बाटली लावण्याआधी लघवीचा नमुना पाठवायला सांगतात. बाटली लावल्यावर घेतलेला नमुना तितकं खरं बोलत नाही.

शेवटी मिठाच्या बाजूचा धोका, कारण तो वॉर्डाबाहेर, घरात घडतो. लेकराने काही विषारी गिळलं की उलटी व्हावी म्हणून मीठपाणी पाजायची सवय अजून आहे. दहा किलोच्या लेकराच्या अंगात पाणी सहा लिटर, कण १६८०. मोठा चमचाभर मीठ, म्हणजे १५ ग्रॅम, पोटात राहिलं आणि उलटी झाली नाही तर ५१३ कण वाढतात. भागाकार करा. उंची ३६५, सोडियम १८० च्या वर. मेंदू आक्रसतो, त्याला कवटीशी जोडणाऱ्या बारीक शिरा ताणून फाटतात आणि आत रक्तस्राव होतो. गिळलेल्या विषापेक्षा हे मीठ आधी जीव घेऊ शकतं. असं कुणी करताना दिसलं तर हात धरा.

ओआरएसची पुडीही या हिशेबाने बघा. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेलं मिश्रण २४५ मिलीऑस्मोलचं आहे, एका लिटरात सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलीमोल. साखर चवीपुरती नसते, आतड्यातून सोडियमला आत नेणारा वाहक ग्लुकोजशिवाय चालत नाही. पण मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती एका पेल्यात, २०० मिलीत कालवली तर मिश्रण पाचपट, १२०० च्या वर जातं. ते आतड्यात पडलं की पाणी अंगात शिरण्याऐवजी अंगातलं पाणी आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. बाजारात २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, त्यामुळे घोटाळा होतो. पुडीवरचा आकडा घरच्यांकडून वाचून घ्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरातलं कुठलं भांडं एक लिटरचं आहे ते विचारा. डिचोलीच्या त्या बाईंच्या घरी तसं भांडंच नव्हतं. आम्ही त्यांना पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली दिली आणि त्यात पुडी कशी घालायची ते यजमानांकडून करून घेतलं.